फाइलच्या पोटातली ओळख

वर्धा जिल्ह्यात चित्रीकरण करण्याजोगे बरेच काही आहे, आणि गेल्या काही वर्षांत मोबाइलमुळे ते होतही आले आहे. सेवाग्रामची प्रार्थना, पवनारला धाम नदीच्या काठी भरणारे मित्रमिलन, गोपुरीतले गीताई मंदिर, कापसाच्या हंगामातल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती, शाळांची स्नेहसंमेलने, असे कितीतरी. मात्र चित्रित झालेले कुठल्या रूपात पडून राहते, ते पाहिले की हात कपाळाला जातो. VID_20240130_044612.mp4, final.mp4, final_new.mp4, आणि कुणीतरी पुढे पाठवलेले VID-20240131-WA0003.mp4. चित्रण करणारा माणूस हयात आणि जवळपास असेपर्यंत या नावांनी काम भागते. नंतर प्रत्येक फाइल उघडून, दहा मिनिटे पाहून, मागे दिसणाऱ्या भिंतीवरून जागा ओळखत बसावे लागते.

यावर बहुतेक जण दोन उपाय करतात. एक, फाइलचे नाव लांबलचक ठेवणे. दोन, वेगळी एक्सेल यादी करणे. दोन्ही उपाय वाईट नाहीत, पण दोन्हींची गाठ सुटते. फाइल एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर जाते तेव्हा यादी मागे राहते, आणि नाव तर कुणीही बदलतो. ही पुस्तिका तिसऱ्या उपायाची आहे. शीर्षक, वर्णन, मुखपृष्ठाचे चित्र आणि विषयखुणा एमपी-4 फाइलच्या आतच लिहायच्या, म्हणजे फाइल जिथे जाईल तिथे तिची ओळख सोबत जाईल, आणि वाचणारे सॉफ्टवेअर नीट असेल तर पडद्यावर दिसेलही. त्या ‘असेल तर’मध्येच सगळी मेख आहे, म्हणून या प्रस्तावनेत मी आज्ञांपेक्षा तिच्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

एमपी-4 फाइल म्हणजे एकात एक बसवलेल्या पेट्या. प्रत्येक पेटीच्या तोंडाशी आधी तिचा आकार आणि मग चार अक्षरांचे नाव लिहिलेले असते. mdat नावाच्या भल्यामोठ्या पेटीत प्रत्यक्ष चित्र आणि आवाज भरलेला असतो. moov नावाच्या लहान पेटीत त्याची अनुक्रमणिका असते: कुठली फ्रेम कुठे आहे, किती वेळाची आहे, आवाजाचे किती पट्टे आहेत. याच moov च्या आत udta, त्याच्या आत meta आणि त्याच्याही आत ilst अशी उतरंड लागते. आपल्याला जे लिहायचे ते या शेवटच्या ilst मध्ये जाते. तिथेही प्रत्येक गोष्टीला आपला कप्पा आहे. शीर्षकाचा ©nam, तारखेचा ©day, प्रकाराचा ©gen, छोट्या वर्णनाचा desc, मोठ्या वर्णनाचा ldes, चित्राचा covr, विषयखुणांचा keyw.

ही रचना कुठून आली ते कळले की पुढचे अर्धे घोटाळे आपोआप उलगडतात. पेट्यांची कल्पना ॲपलच्या क्विकटाइम फाइलची. एमपी-4 चे आंतरराष्ट्रीय प्रमाण तिच्यावरूनच बेतले गेले. पण ilst मधले हे कप्पे त्या प्रमाणाने ठरवून दिलेले नाहीत. ते आयट्यून्सबरोबर आले, रूढ झाले, आणि बाकीच्यांनी पाहून पाहून उचलले. साहजिकच कुणी सगळे कप्पे वाचतो, कुणी दोनच वाचतो, कुणी स्वतःचे वेगळे कप्पे करतो. विंडोज आपल्या काही नोंदी Xtra नावाच्या निराळ्या पेटीत ठेवते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये मेहनतीने भरलेली माहिती दुसऱ्या संगणकावर न दिसण्याचे एक कारण हे आहे. माहिती पुसली गेलेली नसते. समोरचा त्या पेटीकडे पाहतच नसतो.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, 30 जानेवारी 2024 ला पहाटे सेवाग्राम आश्रमातल्या सर्वधर्म प्रार्थनेचे कुणी मोबाइलवर चित्रण केले. आश्रमातली पहाटेची प्रार्थना पावणेपाचची. गांधीजींच्या पुण्यतिथीची पहाट म्हणून हे चित्रण जपायचे आहे.

पहिली अडचण तारखेची, आणि ती आपल्या देशाच्या घड्याळातून आलेली आहे. मोबाइल चित्रणाची वेळ फाइलमध्ये creation_time म्हणून लिहितो, पण ती आपल्या घड्याळाची नसते. प्रमाणानुसार ती जागतिक वेळेत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे लिहायची असते. पहाटे 4.45 मधून साडेपाच तास वजा केले की आदल्या दिवशीचे रात्रीचे 11.15 होतात. फाइलमध्ये नोंद होते ती 2024-01-29T23:15:00Z अशी. हा हिशेब उलटा करून दाखवणारे सॉफ्टवेअर असेल तर 30 जानेवारी दिसते, नसेल तर 29. पहाटे साडेपाचच्या आत केलेल्या कुठल्याही चित्रणाला हा धोका आहे. काकड आरती, भूपाळी, प्रभातफेरी, सगळे त्यातच आले. शिवाय काही कॅमेरे प्रमाण न पाळता स्थानिक वेळच लिहितात. त्यामुळे सरसकट साडेपाच तास मिळवण्याची युक्तीही चालत नाही. भरवशाचा मार्ग एकच. कार्यक्रमाची तारीख माणसाने स्वतः ©day च्या कप्प्यात लिहायची, आणि शीर्षकातही द्यायची.

संपादन केलेल्या फाइलींत याच नोंदीचा दुसरा विकार आढळतो. काही सॉफ्टवेअरे creation_time च्या जागी शून्य सोडतात. या फाइलींमध्ये काळाची मोजणी 1 जानेवारी 1904 पासून सुरू होते, म्हणून शून्य म्हणजे 1904. गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले 1936 च्या एप्रिलअखेर. सेवाग्रामचे रंगीत चित्रण 1904 चे दिसू लागले की कारण ओळखायला फार हुशारी लागत नाही, पण व्हिडिओंच्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमध्ये ते वर्षाच्या क्रमाने सगळ्यात आधी जाऊन बसते आणि कुणाला सापडत नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबून लहान केली जाते आणि त्या ओघात आतल्या नोंदी गळून पडतात. नावातली तारीखही चित्रणाची असेलच असे नाही. म्हणून ओळख लिहिण्याचे काम मूळ फाइलीवर करायचे, आणि व्हॉट्सॲपनेच पाठवायची वेळ आली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची. तशी ती जशीच्या तशी जाते. यूट्यूबवर चढवलेल्या प्रतीकडूनही आपल्या नोंदी परत मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. तिथले शीर्षक-वर्णन तिथेच वेगळे लिहायचे असते.

दुसरी गोष्ट शीर्षकाची. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुखपृष्ठाखाली जेमतेम दोन ओळी मावतात, टीव्हीवर तर एकच. ‘राष्ट्रपिता महात्मा गांधी यांच्या पुण्यतिथीनिमित्त आयोजित’ इथेच जागा संपली तर पुढचे सगळे व्यर्थ. आपल्याकडे निमंत्रणपत्रिकेची भाषा शीर्षकात शिरण्याची खोड आहे, ती इथे मोडावी लागते. ज्याने एक चित्रण दुसऱ्यापासून वेगळे ओळखू येईल ते आधी यायला हवे: ‘पहाटेची प्रार्थना, सेवाग्राम, 30 जानेवारी 2024’. बाकी सारे वर्णनात.

वर्णनाचे कप्पे दोन आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. desc मध्ये एका वाक्याची ओळख, ldes मध्ये सगळा तपशील. desc ला 255 ची मर्यादा मानण्याचा जुना संकेत आहे, आणि ती मर्यादा बाइटमध्ये मोजली तर देवनागरीला चांगलाच फटका बसतो. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. ‘प्रार्थना’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द. आत ती नऊ चिन्हे, म्हणजे 27 बाइट. या हिशेबाने 255 बाइटांत मराठीची 85 चिन्हे बसतात, म्हणजे दहा-बारा शब्द. सगळीच साधने मर्यादा लादतात असे नाही, पण काही साधने वाक्य मध्येच तोडतात. एकच आटोपशीर वाक्य लिहिले की ही काळजी मिटते. ldes मध्ये मात्र हात आखडता घेऊ नये. कुणी चित्रण केले, कुठे उभे राहून केले, प्रार्थनेचा क्रम काय होता, मध्ये आवाज कुठे तुटला, चित्रण वापरायची परवानगी कुणाकडे मागायची, हे सगळे तिथे लिहावे. माणसांची नावे लिहिताना मात्र त्यांना विचारावे, कारण ही फाइल जाईल तिथे ती नावेही जाणार.

हे सगळे आज्ञेच्या ओळीतच लिहिता येते, पण विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरी टंकणे म्हणजे शिक्षा. त्यापेक्षा माहिती एका साध्या मजकूर-फाइलीत लिहावी. ती नोटपॅडमध्ये UTF-8 म्हणून साठवायची. यादीत ‘UTF-8 with BOM’ असाही पर्याय दिसतो, तो घ्यायचा नाही. त्याने फाइलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण चिकटते आणि पहिली ओळ ओळखली जात नाही.

```
;FFMETADATA1
title=पहाटेची प्रार्थना, सेवाग्राम, 30 जानेवारी 2024
date=2024-01-30
description=सेवाग्राम आश्रमातील पहाटेची सर्वधर्म प्रार्थना.
synopsis=पुण्यतिथीच्या पहाटेचे संपूर्ण चित्रण. मोबाइलवर, एकाच जागेवरून.
genre=प्रार्थना
keywords=सेवाग्राम, सर्वधर्म प्रार्थना, पुण्यतिथी
media_type=9
```

डावीकडचे शब्द ffmpeg या मोफत साधनाचे आहेत. त्याच्या synopsis मधला मजकूर ldes मध्ये जातो, date मधला ©day मध्ये. media_type=9 म्हणजे हा चित्रपट-प्रकारचा व्हिडिओ. मजकुरात =, ; किंवा # यांपैकी काही आले तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ \ द्यावी लागते. एक सावधगिरी महत्त्वाची आहे. डावीकडचे नाव मनाने ठेवले, समजा ‘sthal=’ असे लिहिले, तर ffmpeg तक्रार करत नाही. ती ओळ गुपचूप टाकून देते आणि काम झाल्याचे सांगते. यावर use_metadata_tags नावाचा एक पर्याय अनेक जण सुचवतात. तो वापरला की मनातली नावे टिकतात खरी, पण मग सगळ्याच नोंदी वेगळ्या पद्धतीने लिहिल्या जातात आणि ilst चे रूढ कप्पे पाहणाऱ्या प्लेअरला शीर्षकही सापडेनासे होते. एका जास्तीच्या रकान्यापायी मूळचे सगळे घालवण्याचा हा व्यवहार आहे. स्थळ वर्णनात लिहावे, ते बरे.

मग ही माहिती, मूळ फाइल आणि मुखपृष्ठाचे चित्र एकत्र करायचे:

```
ffmpeg -i mul.mp4 -i mahiti.txt -i chitra.jpg \
 -map 0:v:0 -map 0:a -map 2 -map_metadata 1 -c copy \
 -disposition:v:1 attached_pic \
 -metadata:s:a:0 language=mul -movflags +faststart navi.mp4
```

(ओळीच्या शेवटची तिरकी रेघ लिनक्स आणि मॅकसाठी आहे. विंडोजवर सगळे एकाच ओळीत लिहावे.) यातले -c copy सगळ्यात मोलाचे. त्यामुळे चित्र आणि आवाज पुन्हा दाबला जात नाही, नुसता उचलून नव्या फाइलीत ठेवला जातो. दर्जा तसूभरही उतरत नाही आणि तासाभराची फाइलही लवकर उरकते. ते विसरले तर सगळा व्हिडिओ पुन्हा बनतो, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र थोडे मळते. ओळखायची खूण हीच: काम फार वेळ चालले तर थांबवा आणि आज्ञा पुन्हा वाचा. ffmpeg मूळ फाइलीवर लिहीत नाही, नेहमी नवी बनवते. म्हणून डिस्कवर तेवढी जागा लागते, आणि तपासणी होईपर्यंत मूळ फाइल पुसायची नाही. faststart ने moov ही अनुक्रमणिका फाइलीच्या सुरुवातीला येते. नेटवर्कवरून पाहताना त्याचा उपयोग होतो.

language=mul कडे लक्ष द्यावे. सेवाग्रामच्या प्रार्थनेत बौद्ध मंत्र, उपनिषदातला श्लोक, कुराण, अवेस्ता आणि भजन असे सगळे येते. हिला मराठी म्हणणे चूक आणि हिंदी म्हणणेही. भाषांच्या तीन अक्षरी संकेतांत ‘अनेक भाषा’ यासाठी mul आहे, मराठीला mar. मोबाइल हा रकाना बहुधा und, म्हणजे अनिश्चित, असाच सोडतो.

मुखपृष्ठाच्या चित्राबाबत घोटाळे जास्त होतात. covr च्या कप्प्यात जेपीजी किंवा पीएनजी चालते. नेटवरून उतरवलेले चित्र हल्ली पुष्कळदा वेबपी असते. त्याचे नाव बदलून .jpg केले म्हणून ते जेपीजी होत नाही. चित्र पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून, ‘सेव्ह ॲज’ करून खरोखर बदलावे लागते. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरांत चित्रपटाची चौकट उभी असते, दोनास तीन या प्रमाणात. मोबाइल आडवा धरून घेतलेली फ्रेम तिथे टाकली की दोन्ही बाजू कापल्या जातात आणि नेमका माणूसच गायब होतो. 1000 बाय 1500 पिक्सेलचे, काहीशे केबीत मावणारे चित्र पुरते. चित्रावर मोठी अक्षरे, देणगीदारांची नावे आणि चार कोपऱ्यांत चार फोटो अशी फ्लेक्सची सजावट केली तर टीव्हीवर काही म्हणजे काही वाचता येत नाही. त्याच चित्रणातली एक स्वच्छ फ्रेम घ्यावी असा माझा आग्रह आहे. बापूकुटीचा नेहमीचा फोटो प्रत्येक फाइलीला लावला तर सगळ्या फाइली एकसारख्या दिसतील आणि चित्र असून नसून सारखेच.

वरच्या आज्ञेतला attached_pic हा शब्द सुटला तर काय होते तेही सांगतो, कारण हे वारंवार घडते. चित्र मग मुखपृष्ठ न राहता व्हिडिओचा दुसरा पट्टा बनते. काही प्लेअर मूळ पट्टा दाखवतात आणि काहीच बिघडले नाही असे वाटते. काही या एका फ्रेमच्या पट्ट्यालाच व्हिडिओ समजतात आणि आवाज चालू, चित्र स्थिर अशी अवस्था होते. म्हणून शेवटी तपासावेच:

```
ffprobe -hide_banner navi.mp4
```

यात title, description वगैरे देवनागरीत नीट दिसले पाहिजेत आणि दुसऱ्या व्हिडिओ-ओळीच्या शेवटी (attached pic) असे आले पाहिजे. देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तर घाबरू नये. तो त्या खिडकीतल्या फॉन्टचा दोष असू शकतो, व्हीएलसीत Ctrl+I दाबून खात्री करावी. पण ‘lsokxzke’ असले काही दिसले तर खरी गडबड आहे. मजकूर कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टात टंकलेला आहे. तो युनिकोड नसतो, इंग्रजी अक्षरांना घातलेला देवनागरी वेश असतो. पत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर थेट चिकटवला की हटकून असे होते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, आणि बदलल्यावर जोडाक्षरे वाचून काढावीत.

आता हे सगळे बरोबर लिहूनही पडद्यावर दिसत नाही, ही तक्रार. पेनड्राइव्ह थेट टीव्हीत लावला तर बहुतेक टीव्ही फाइलचे नावच दाखवतात. आतले काही वाचत नाहीत. त्यावर इलाज नाही, म्हणून फाइलचे नावही सुटसुटीत ठेवायचेच. व्हीएलसी शीर्षक वाचते. ॲपलचे टीव्ही ॲप बरेचसे कप्पे वाचते, ते त्याच घरचे. जेलीफिन, प्लेक्स, कोडी या ग्रंथालय-सॉफ्टवेअरांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. त्यांचा मूळ भर आतल्या नोंदींवर नसून इंटरनेटवरच्या चित्रपटांच्या कोशांवर आहे. फाइलचे नाव घ्यायचे, कोशात शोधायचे, तिथले पोस्टर आणि कथानक आणून लावायचे. मुंबईच्या चित्रपटाला हे उत्तम लागू पडते. पण gandhi.mp4 नावाची, आपल्याच शाळेतल्या व्याख्यानाची फाइल चित्रपटांच्या दालनात टाकली तर तिला रिचर्ड ॲटनबरो यांच्या 1982 च्या चित्रपटाचे पोस्टर चिकटले तरी नवल नाही.

म्हणून आपल्या चित्रणांसाठी वेगळे दालन करायचे आणि त्या दालनापुरते इंटरनेटवरून माहिती आणणे बंद करायचे. जेलीफिनमध्ये दालनाच्या सेटिंगमध्ये फाइलच्या नावापेक्षा आतल्या शीर्षकाला प्राधान्य देण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा. प्लेक्समध्येही फाइलीतली माहिती आधी धरण्याचा पर्याय आहे. जेलीफिन फाइल वाचण्यासाठी ffprobe च वापरते, त्यामुळे वरच्या तपासणीत जे दिसले नाही ते तिथेही दिसणार नाही, हा सोपा ठोकताळा. कोडीचा विश्वास शेजारी ठेवलेल्या .nfo फाइलीवर जास्त आहे. तिच्याबद्दल पुस्तिकेत वेगळे प्रकरण आहे.

उलट, जे चित्रपट खरोखर कोशात आहेत तिथेही डोळे उघडे हवेत. विठ्ठलभाई झवेरी यांचा 1968 चा ‘महात्मा’ हा गांधीजींवरचा मोठा माहितीपट घ्या. त्याची मूळ इंग्रजी आवृत्ती पाच तासांहून लांब आहे आणि त्याशिवाय बऱ्याच लहान आवृत्त्याही आहेत. कोश सगळ्यांना एकच पोस्टर आणि एकच वर्णन देईल. दोन तासांची प्रत उघडून विद्यार्थी समजेल की आपण पूर्ण पाहिला. शीर्षकात आवृत्तीची लांबी आणि भाषा लिहिणे इथे आपल्यालाच करावे लागते.

मालिकांचे निराळे कप्पे आहेत आणि आपल्या जिल्ह्यात त्यांचा फार उपयोग आहे. विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय, रोज एक असे वाचनाचे चित्रण केले, तर नावाच्या क्रमाने लावणारे सॉफ्टवेअर अध्याय 1, मग 10, 11, असे करत 18, आणि त्यानंतर 2 लावते. त्यासाठी show मध्ये ‘गीताई’, season_number मध्ये 1, episode_sort मध्ये अध्यायाचा अंक आणि media_type मध्ये 9 ऐवजी 10 लिहायचे. 10 म्हणजे मालिका. फाइलच्या नावात मात्र 01, 02 अशी दोन अंकी संख्या ठेवावीच, कारण टीव्हीला बाकी काही कळत नाही.

विषयखुणांबद्दल माझे मत थोडे कडक आहे. keyw चा कप्पा भरावा, पण बहुतेक सॉफ्टवेअर त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. चाळणी लावायला उपयोगी पडतो तो genre. तिथे एक, फार तर दोन शब्द असावेत आणि सगळ्यांनी तेच वापरावेत. एका संस्थेत एकाने ‘विनोबा’, दुसऱ्याने ‘विनोबा भावे’, तिसऱ्याने ‘आचार्य विनोबाजी’ लिहिले की संगणकाच्या लेखी ती तीन माणसे होतात. म्हणून पहिली फाइल उघडण्याआधी एक पानभर शब्दांची यादी करावी आणि भिंतीवर लावावी. गावांची नावे त्यात जरूर असावीत. सेगावचे सेवाग्राम झाले 1940 मध्ये, आणि त्याचे एक कारण असे की गांधीजींचे टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जात असे. त्या काळातल्या छायाचित्रांवरून केलेल्या व्हिडिओला कुणी ‘शेगाव’ अशी खूण दिली, तर तो गजानन महाराजांच्या पालखीशेजारी जाऊन बसेल. मुख्य खूण ‘सेवाग्राम’, आणि जुने नाव फक्त वर्णनात, हे बरे.

याच यादीने मराठीतली एक अदृश्य अडचणही सुटते. ‘शेतकऱ्यांचे’ मधला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असते, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधताना मात्र एक लिहिले तर दुसरे सापडत नाही. खुणेसाठी ‘शेतकरी’ असे मूळ रूप ठरवले की प्रश्नच उरत नाही. शब्द दर वेळी टंकू नयेत, यादीतून उचलून चिकटवावेत.

पुढच्या प्रकरणांत AtomicParsley आणि Mp3tag या साधनांची माहिती, एकाच वेळी अनेक फाइलींना नोंदी लावण्याची पद्धत, प्रकरणखुणा आणि उपशीर्षके आली आहेत. ज्यांना आज्ञांची धास्ती वाटते त्यांनी Mp3tag पासून सुरुवात करावी. खिडकीत रकाने दिसतात, भरले की झाले. वाचकांना एकच विनंती. पुस्तिका संपेपर्यंत थांबू नका. तुमच्याकडची सगळ्यात जुनी, माहिती सांगणारा माणूस अजून भेटू शकेल अशी फाइल आधी घ्या, त्याला बोलते करा आणि तो सांगेल ते ldes मध्ये लिहून ठेवा. मुखपृष्ठ आणि खुणा पुढच्या आठवड्यातही लावता येतील.